स्नॅपसीड: मागची चुन्याची भिंत कमी करायची आहे, आजोबांचा पांढरा सदरा नाही

अनघा_वाई
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यासाठी त्यांचा एक फोटो १२ बाय १८ मध्ये फ्रेम करून घ्यायचाय. फोटो तीन वर्षांपूर्वी मीच मोबाईलवर काढलेला. गावच्या घरासमोर उभे आहेत, पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर, हातात काठी. मागे चुन्याची भिंत आणि तिच्यावर सकाळी साडेदहाचं सरळ ऊन, डावीकडे एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. फोटो बघितला की नजर आधी भिंतीवर जाते, मग पिंपावर, आणि आजोबा सगळ्यात शेवटी दिसतात.

मला फक्त मागचा भाग थोडा खाली आणायचाय. स्नॅपसीड अ‍ॅपच्या सिलेक्टिव्हमध्ये भिंतीवर पॉइंट टाकून ब्राइटनेस उणे ५० केला तर टोपी आणि उजवा खांदापण राखाडी झाला. मग ब्रश घेऊन एक्स्पोजर कमी करत भिंत रंगवली, तर आजोबांच्या भोवती पांढरी कड राहिली, जणू कात्रीने कापून चिकटवलेत. दोन संध्याकाळी गेल्या यात. अँड्रॉइड फोन आहे. कोणी नीट सांगेल का?

रानवाटा
अहो सोप्पंय, सिलेक्टिव्हचा गोल मोठा राहिलाय तुमचा. पॉइंट टाकला की दोन बोटांनी चिमटा काढल्यासारखं करून गोल लहान करा, लाल रंग दिसतो तेवढ्याच भागावर परिणाम होतो. छोटे छोटे गोल करून आठ पॉइंट टाका भिंतीवर, टोपीला धक्का लागणार नाही. मी आकाश असंच करतो नेहमी, एकदम मस्त येतं.

अनघा_वाई
रानवाटा, करून बघितलं. टोपीपासून लांब भिंत छान खाली आली पण टोपीला लागून जो भाग आहे तिथे गोल कितीही लहान केला तरी टोपी येतेच त्यात. आणि लांबची भिंत गडद, जवळची उजळ, त्यामुळे आजोबांच्या डोक्यामागे दिवा लावल्यासारखं दिसतंय.

संजू_पाटील_कोल्हापूर
ताई लई सोपा उपाय सांगतो, बॅकग्राउंडच काढून टाका. बॅकग्राउंड काढायची कितीतरी अ‍ॅपं आहेत, एका बोटात माणूस सुटा होतोय. मग मागं साधा मरून रंग नाहीतर फुलांचं डिझाईन टाका, बॅनरवाले तसंच करत्यात. आमच्या तात्यांच्या पंचाहत्तरीला तसाच केलेला, सगळ्यांना आवडला.

अनघा_वाई
संजूदादा, मला घर ठेवायचंय मागे. ते घर मागच्या वर्षी पाडलं. भिंतीतला कोनाडा, दाराची चौकट, सगळं त्या एका फोटोत आलंय आणि आजोबांनी हाच फोटो निवडलाय त्यासाठीच. म्हणून बदलायचं नाहीये काही, फक्त उजेड कमी हवाय.

संजू_पाटील_कोल्हापूर
असं होय. मग मी सांगितलेलं चुकीचं हाय. घर ऱ्हाऊ द्या.

मिलिंद_स्टुडिओ
अनघाताई, मी बरीच वर्षं लग्नाचे फोटो करतो, घाईच्या वेळी फोनवर स्नॅपसीडच वापरतो. तुमची अडचण कुठे आहे ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सिलेक्टिव्हला माणूस आणि भिंत यातला फरक कळत नाही. तुम्ही जिथे बोट ठेवलं तिथला रंग आणि उजेड तो बघतो आणि गोलाच्या आत त्याच्यासारखं जे जे असेल ते सगळं धरतो. रानवाटांचं आकाशाचं उदाहरण म्हणूनच जमतं, निळं आकाश आणि हिरवं झाड यात गल्लत होत नाही. तुमच्याकडे पांढऱ्यापुढे पांढरं आहे, त्यामुळे चुना काय आणि टोपी काय, त्याला एकच. गोल लहान करून हे सुटणारं नाही. टोपीवर आणि सदऱ्यावर एकेक पॉइंट टाकून त्यांची व्हॅल्यू शून्य ठेवली तर ते पॉइंट पहारेकऱ्यासारखे थोडं राखतात, करून बघा हवं तर, पण इतक्या सारख्या रंगात पूर्ण राखत नाहीत.

ब्रशचं उलट आहे. त्याला रंगाशी काही देणंघेणं नाही, बोट जाईल तिथे लावणार. पण त्याची कड मऊ असते, त्यामुळे टोपीच्या अगदी जवळ नेलं की टोपीवर सांडतो आणि भीतीने लांब ठेवलं की तुम्ही म्हणता ती पांढरी कड राहते. शिवाय एकदा उणे ०.७ ने रंगवलं आणि नंतर वाटलं की जरा जास्त झालं, तर परत सगळं रंगवत बसा.

तिसरा रस्ता आहे, View edits मधला. रात्री सविस्तर लिहितो, आत्ता हॉलवर आहे.

पुरणाचा_डबा
मध्येच विचारते, राग मानू नका. मी घरून पुरणपोळीच्या ऑर्डर घेते, फोटो स्वयंपाकघराच्या ओट्यावर काढते. काळा ग्रॅनाइट आहे आणि त्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडते, ती घालवायची आहे, पोळीचा रंग तसाच हवा. मलापण हे View edits लागेल का?

रानवाटा
ताई तुम्हाला सिलेक्टिव्ह पुरेल बहुतेक. रेघेवर बोट ठेवून पॉइंट टाका, गोल लहान, ब्राइटनेस खाली. पिवळी पोळी आणि पांढरी रेघ वेगळे रंग आहेत ना, मिलिंदभाऊंनी सांगितलं तसंच.

मिलिंद_स्टुडिओ
पुरणाचा डबा, रानवाटा बरोबर सांगतायत. फक्त पोळीखाली स्टीलचं ताट असेल तर त्याची कड रेघेसारखीच चमकते आणि तीही मंदावेल, तेव्हा ताटाच्या कडेवर एक शून्याचा पॉइंट ठेवा. आणि खरं सांगायचं तर ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात काढा, रेघच येणार नाही.

आता अनघाताई तुमचं. मी मुद्दाम घरच्या एका फोटोवर करून बघितलं, पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कुर्ता, म्हणजे आकडे अंदाजाने सांगायला नकोत.

आधी ट्यून इमेज उघडा आणि पूर्ण फोटोवर बदल करा. हायलाइट्स उणे ४०, ब्राइटनेस उणे २५, सॅच्युरेशन उणे १५. हे करताना आजोबांकडे अजिबात बघायचं नाही, ते काळवंडतील, काळवंडू द्या. फक्त भिंत कशी हवी तेवढं बघा आणि बरोबरची खूण दाबा.

मग वरच्या पट्टीत थरांवर थर ठेवल्यासारखं एक चिन्ह आहे, त्यात View edits. खाली उजव्या कोपऱ्यात तुम्ही केलेल्या बदलांची यादी येते. त्यात ट्यून इमेजवर टॅप केलं की तीन चिन्हं उघडतात, त्यातलं मधलं ब्रशचं. ते दाबलं की फोटो पहिल्यासारखा होतो, घाबरू नका, बदल गेलेला नाही, तो आता तुम्ही बोट फिरवाल तिथेच लागणार आहे.

इथे बहुतेक जण भिंत रंगवायला घेतात. तुम्ही आजोबा रंगवा. खाली आकडा १०० असू द्या, डोळ्याचं चिन्ह चालू ठेवा म्हणजे रंगवलेला भाग लाल दिसेल. आजोबा पूर्ण लाल झाले की उलट करायचं चिन्ह दाबा. आजोबा मोकळे होतात आणि बाकी सगळा फोटो लाल. भिंत, कोनाडा, जमीन सगळं रंगवण्यापेक्षा एक माणूस रंगवणं कमी काम आहे, आणि मुख्य म्हणजे कड एकच सांभाळायची.

कडेसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा. ब्रशचा आकार बदलायची पट्टी तिथे नाही. स्क्रीनवर ब्रश तेवढाच राहतो, फोटो मोठा केला की तोच ब्रश फोटोच्या मानाने बारीक होतो. म्हणून टोपीची कड करताना टोपीने अर्धी स्क्रीन भरेल इतकं झूम करा, पोटाजवळचा सदरा भरताना झूम कमी करा. पांढरी कड राहते ती नव्वद टक्के वेळा झूम न केल्यामुळे.

अनघा_वाई
मिलिंददादा, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. रविवारी दुपारी बसून केलं. एक तास दहा मिनिटं लागली पण टोपी पांढरी राहिली आणि भिंत खाली आली!! आजोबा आता पहिल्यांदा आधी दिसतायत.

पण तीन ठिकाणी अडलंय. एक म्हणजे काठी आणि धोतर यांच्या मधून भिंतीचा त्रिकोणी तुकडा दिसतो तो पांढराशुभ्र चमकतोय. दुसरं म्हणजे पायाशी. आजोबा जमिनीवर उभे वाटत नाहीत, तरंगतायत असं वाटतं. आणि तिसरं, उजवीकडे जिथे ऊन एकदम कडक होतं तिथला भिंतीचा पट्टा उजळ नाहीये आता पण मातकट राखाडी झालाय, चुना वाटतच नाही.

आयफोनवाली_मीनल
मी हे वाचून माझ्या लेकीच्या फोटोवर करायला घेतलं, पण माझ्या आयफोनवर गेल्या वर्षी नवीन व्हर्जन आलं तेव्हापासून सगळी मांडणीच बदललीये, तुम्ही सांगता तसं दिसत नाही. आयफोनवर कोणी केलंय का?

मिलिंद_स्टुडिओ
मीनलताई, माझ्याकडे अँड्रॉइड आहे, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर कुठे काय ते बघितल्याशिवाय सांगत नाही. आयफोन वापरणाऱ्या कोणीतरी सांगा.

अनघाताई, पहिले दोन लगेच सुटतील. परत View edits, ट्यून इमेज, मधला ब्रश. तुमचा मास्क, म्हणजे तुम्ही रंगवलेला भाग, तसाच असेल. आकडा १०० ठेवून तो त्रिकोण झूम करून भरा, भिंतच आहे ती, तिथे बदल लागायलाच हवा. हात कमरेवर असेल तर कोपराच्या आतली मोकळी जागा, कानामागची फट, या जागा सगळ्यांच्याच राहतात. सापडत नसतील तर डोळ्याचं चिन्ह चालू करून लालमध्ये भोकं शोधा.

पायाशी काय झालंय, की आजोबा पूर्ण उजळ आणि त्यांना लागून असलेली जमीन एकदम खाली आलेली. प्रत्यक्षात असा उजेड एका रेषेवर बदलत नाही. खाली बाण दाबून आकडा ५० करा आणि चपलांच्या भोवती वीतभर जमीन रंगवा, मग २५ घेऊन चपलांना अगदी लागून. बदल पायऱ्यापायऱ्यांनी कमी होत गेला की पाय जमिनीला टेकतात. आणि त्यांची सावली तुम्ही आजोबांच्या बरोबर रंगवली होती का? सावली जमिनीची आहे, ती लालमध्येच राहू द्या.

अनघा_वाई
हो!! सावली मी आजोबांबरोबर सोडवली होती, म्हणून तरंगत होते. आत्ता केलं, पाय टेकले. त्रिकोणपण गेला.

पिंपाचं पण सांगा ना. ते अजून निळंजर्द दिसतंय.

रानवाटा
पिंपाला मात्र सिलेक्टिव्हच! निळा रंग आजोबांवर कुठेच नाही. पॉइंट पिंपाच्या मधोमध, गोल पिंपाएवढा, बोट वर-खाली करून सॅच्युरेशनवर आणा आणि डावीकडे ओढा.

मिलिंद_स्टुडिओ
अगदी. फक्त उणे १०० पर्यंत ओढू नका. पूर्ण रंग गेला की ते रंगीत फोटोत पांढऱ्या-काळ्या फोटोचा तुकडा चिकटवल्यासारखं दिसतं. उणे ६० आणि ब्राइटनेस उणे २० च्या आसपास थांबा. पिंप दिसलं तरी चालेल, हाक मारता कामा नये.

चित्रकथी
धागा उशिरा वाचला. एवढा खटाटोप करण्यापेक्षा लेन्स ब्लर का नाही टाकत? मागचं धूसर झालं की नजर आपोआप आजोबांवर. माझे सगळे पोर्ट्रेट मी तसेच करते.

अनघा_वाई
चित्रकथी, तेही करून बघितलं होतं आधी. गोलात डोकं बसवलं तर पाय धूसर होतात, पाय घेतले तर भिंतही स्पष्ट राहते. आणि कोनाडा ओळखू यायला हवाय मला.

चित्रकथी
मग लेन्स ब्लरलाच तो View edits चा मास्क लावा की! गोलाचा प्रश्नच मिटला.

मिलिंद_स्टुडिओ
मास्क लागतो, पण इथे एक गोम आहे. ब्लर आधी पूर्ण फोटोवर होतो आणि मास्क नंतर. म्हणजे टोपीचा पांढरा रंग आधीच आजूबाजूला पसरलेला असतो, मास्कने तुम्ही टोपी स्पष्ट करून आणता पण तो पसरलेला पांढरा भिंतीवर तसाच राहतो. त्यामुळे डोक्याभोवती धुकट वलय येतं. काळे केस आणि हिरवी झाडं असतील तर कमी खटकतं, तुमचे पोर्ट्रेट बहुधा बागेतले असतील म्हणून चांगले येतात. उन्हातल्या भिंतीपुढे ते वलय फ्रेममध्ये लांबूनही कळेल.

चित्रकथी
हो, बागेतलेच आहेत. हे वलयाचं मला कधी लक्षात आलं नव्हतं, परत बघते जुने फोटो.

मिलिंद_स्टुडिओ
आता तो राखाडी पट्टा. ट्यून इमेजमध्ये खाली डावीकडे आलेखाचं चिन्ह आहे ते दाबून बघा. आलेखाचा डोंगर उजव्या टोकाला चिकटून उभा असेल तर त्या भागात फोटो काढतानाच सगळं पूर्ण पांढरं झालंय, चुन्याचा खडबडीतपणा, पोपडे काहीच नोंदलं गेलेलं नाही. तिथे हायलाइट्स कितीही खाली घ्या, पोत परत येत नाही, सपाट पांढऱ्याचं सपाट राखाडी होतं. म्हणून मातकट दिसतंय.

त्यावर माझा उपाय असा की त्या पट्ट्यात मास्क १०० वरून ५० वर आणा, म्हणजे ऊन उनासारखं राहू द्या. मग ब्रशमध्ये टेम्परेचर निवडून अधिक ५ ने त्याच पट्ट्यावर एक हात फिरवा. जरासा उबदार झाला की डोळा त्याला ऊन समजतो, घाण समजत नाही. आणि हे बघताना वरचं मूळ फोटोचं चिन्ह दाबून धरा, सोडा, दाबून धरा, सोडा. एक तास त्याच फोटोकडे बघून डोळा सरावतो आणि जास्त झालेलं कळत नाही.

एक विचारायचं राहिलं, फाईल केवढी आहे? फोनमधली मूळ आहे की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली?

अनघा_वाई
बघितलं, १६०० बाय १२०० आहे. माझा जुना फोन बिघडला तेव्हा दादाकडून मागवला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर.

मिलिंद_स्टुडिओ
मग थांबा, पुढे काही करू नका. १८ इंचाला १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला नव्वदसुद्धा नाहीत, भिंतीवर लांबून चालेल पण जवळून चेहरा मऊ दिसेल. आणि त्या फाईलमध्ये आधीच दाबून दाबून लहान केलेले चौकोन असतात, उजळ भिंतीत ते लपतात पण भिंत गडद केली की ठिगळांसारखे वर येतात. कोनाड्याजवळ झूम करून बघा, दिसतील. दादांकडे मूळ फोटो असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नाही.

अनघा_वाई
बघितलं. आहेत चौकोन, कोनाड्याच्या खालच्या सावलीत तर स्पष्टच. मला वाटलं चुन्याचे डाग आहेत.

दादाला फोन केला, त्याच्या लॅपटॉपमध्ये मूळ आहे, ४००० बाय ३००० ची. आज रात्री पाठवतोय. म्हणजे मास्क परत पहिल्यापासून करावा लागणार ना?

मिलिंद_स्टुडिओ
हो, मास्क परत हातानेच करा. एक तास जाईल, पण यावेळी टोपी आणि काठी करताना कड खरी दिसेल, मघाशी तुम्ही चौकोनांवरून अंदाजाने फिरवत होता. आकडे मात्र तेच ठेवून सुरू करा. आणि मास्क झाल्यावर भिंत कमी-जास्त वाटली तर परत रंगवायचं नाही, View edits मध्ये त्या तीन चिन्हांतलं पट्ट्यांचं चिन्ह दाबा आणि ब्राइटनेस हलवा, मास्क जागच्या जागी राहतो. ब्रशने केलं असतं तर हे मिळालं नसतं.

संजू_पाटील_कोल्हापूर
ताई प्रिंटचं एक सांगतो, हे मला नक्की म्हाईत हाय. आमच्याकडं फ्रेमवाल्यानं काढलेल्या प्रिंटा फोनपेक्षा गडद आल्या. फोनचा उजेड फुल्ल असतोय, त्यात बघून भिंत खाली घेतली तर कागदावर अजून खाली जाते. आधी ४ बाय ६ ची एक काढून बघा, दहा-वीस रुपयात काम होतंय.

मिलिंद_स्टुडिओ
संजूभाऊ लाखातलं बोललात. अनघाताई, फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून शेवटचा निर्णय घ्या आणि छोटी प्रिंट काढाच.

अनघा_वाई
मूळ फाईलवर परत केलं, यावेळी पन्नास मिनिटांत. कालच ४ बाय ६ काढून आणली. संजूदादा म्हणाले तसं झालं, भिंत जरा जास्तच खाली गेली होती. ब्राइटनेस उणे २५ वरून उणे १५ वर आणला, पट्ट्यांच्या चिन्हातून, मास्क जसाच्या तसा राहिला. पिंप आता शोधावं लागतं.

आजोबांना प्रिंट दाखवली. कोनाड्यावर बोट ठेवून म्हणाले, इथं तुझी आजी दिवा ठेवायची.

उजवा उन्हाचा पट्टा अजून मनासारखा नाही. ५० आणि टेम्परेचर करून मातकटपणा गेला पण तो तुकडा बाकी भिंतीपेक्षा सपाट दिसतोच. मूळ फाईलमध्येपण तिथे काही नाहीये. दादा म्हणतो उजवीकडून कापून टाक, पण कापलं तर दाराची चौकट अर्धी जाते.

चित्रकथी
मी असते तर कापलं असतं. अर्धी चौकट पण चालते.

रानवाटा
कापू नका! साडेदहाचं ऊन आहे ते, भिंतीवर पडणारच.

मिलिंद_स्टुडिओ
मी दोन्ही छापून बघेन, एक कापलेली एक न कापलेली, ४ बाय ६ मध्येच. आजोबांपुढे ठेवा.

आयफोनवाली_मीनल
माझं अजून तिथेच आहे, आयफोनवालं कोणी आलं तर प्लीज लिहा.